हरवलेल्या आकृतीचे गणित

जुन्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकाचे एखादे पान कसरीने कुरतडावे आणि नेमकी आकृतीच त्यात नाहीशी व्हावी, हा प्रसंग दुर्मिळ नाही. समजा, प्रश्नाचे जे शब्द शिल्लक राहिले ते एवढेच : ‘आकृतीत दाखविल्याप्रमाणे एक दगड सेकंदाला २० मीटर वेगाने, ३० अंशांच्या कोनात फेकला असता तो किती दूर जाऊन जमिनीवर पडेल?’ खाली गुरुत्वत्वरण १० धरण्याची सूचना आहे, पुस्तकाच्या शेवटी ‘५२ मीटर’ असे उत्तर आहे, आणि बाकी सर्व गहाळ. अशा प्रश्नाविषयी विद्यार्थ्यांत, आणि क्वचित त्यांच्या शिक्षकांतही, जे समज रूढ आहेत ते तपासण्यासाठी हे एकच उदाहरण पुरेसे आहे.

आकृती गेली म्हणजे दगडाचा मार्गच गेला, आणि म्हणून प्रश्न सोडविण्याजोगा राहिला नाही, हा पहिला समज. वस्तुतः हवेचा अडथळा नगण्य मानला, तर वेग, दिशा आणि गुरुत्वत्वरण या तीन गोष्टींनी मार्गाचा संपूर्ण आकार मुकरर होतो. कोन क्षितिजाच्या वर मोजला आहे असे धरून २० मीटरच्या वेगाचे दोन घटक पाडले म्हणजे क्षितिजाला समांतर १७.३ आणि सरळ वर १० असे मिळतात. पैकी पहिला अखेरपर्यंत कायम राहतो आणि दुसरा दर सेकंदाला १० ने घटत जातो. त्यामुळे एका सेकंदाने दगड सुटल्या जागेहून ५ मीटर उंचीवर, मार्गाच्या शिखरावर, असतो आणि तेथून त्याच आकाराच्या उलट वळणाने खाली येतो. हे अन्वस्त कोणालाही कागदावर पुन्हा काढता येईल, कारण चित्रकाराचे त्यात काहीच नाही. चित्रावर विसंबणे किती धोक्याचे असते, याचा दाखला इतिहासातच आहे. इटालियन गणिती तार्ताल्या याने १५३७ साली व्हेनिस येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तोफगोळ्याचा मार्ग प्रथम सरळ रेषा, मग वर्तुळाचा तुकडा आणि शेवटी ओळंब्यासारखी उभी रेषा, असा रेखाटला होता. तो मार्ग अन्वस्त असतो याची गॅलिलिओची सिद्धता १६३८ च्या ग्रंथात छापून आली.

मग आकृतीबरोबर गेले ते काय? तर जमीन गेली, आणि कोन कोठून मोजायचा तेही गेले. दगड सुटला ती जागा जमिनीच्या सपाटीला होती की एखाद्या इमारतीच्या गच्चीवर, कोन क्षितिजापासून मोजला की उभ्या रेषेपासून, आणि क्षितिजाच्या वर मोजला की खाली, एवढीच माहिती आकृती पुरवीत होती. एखाद्या खरेदीखतात जमिनीचे क्षेत्रफळ शाबूत असावे आणि चतुःसीमेचा मजकूर तेवढा पुसला जावा, तशी ही स्थिती आहे.

येथेच दुसरा गैरसमज पुढे येतो. आकृती नसली की विद्यार्थी निःशंकपणे पल्ल्याचे पाठ केलेले सूत्र लावतो : वेगाचा वर्ग, गुणिले दुप्पट कोनाची ज्या, भागिले गुरुत्वत्वरण. उत्तर ३४.६ मीटर येते. हे सूत्र खोटे नाही. परंतु सुटण्याची आणि पडण्याची पातळी एक असेल तेव्हाच ते लागू पडते, आणि ही अट सूत्राबरोबर पाठ करण्याची पद्धत आपल्याकडे पडलेली नाही, हे मला फार खटकते. पुस्तकातील ५२ या आकड्याशी ते जुळत नाही, एवढ्यावरून जमीन खाली होती हे समजते. याहून सूक्ष्म फसगत कोनाची आहे. ३० अंश उभ्या रेषेपासून मोजलेले असतील, तर क्षितिजापासून ते ६० होतात. आणि सपाट जमिनीवर ६० अंशांचा पल्लाही बरोबर ३४.६ मीटरच भरतो. कोन चुकीचा वाचला तरी उत्तर बरोबर येते, आणि चूक वहीत तशीच राहून जाते. ती उघडकीस आणावयाची असेल, तर पल्ला सोडून काळाकडे पाहावे : पहिला दगड २ सेकंद हवेत राहतो, दुसरा जवळजवळ साडेतीन.

आता १५ मीटर उंचीची गच्ची कल्पून पाहू. क्षितिजाच्या वर ३० अंशांनी फेकलेल्या दगडाला जमीन गाठण्यास लागणारा काळ शोधताना समीकरण असे उरते की, काळाच्या वर्गातून काळाची दुप्पट वजा केली असता ३ यावेत. याची उत्तरे दोन : ३ आणि उणे १. तीन सेकंदांत १७.३ च्या वेगाने दगड ५२ मीटर जातो, म्हणजे पुस्तकाशी मेळ बसतो. तीच गच्ची ठेवून कोन उभ्या रेषेपासून मोजला तर ४१.८ मीटर मिळतात, आणि क्षितिजाच्या खाली ३० अंश धरले तर अवघे १७.३. मेळ बसतो तो एकाच वाचनाशी. अर्थात उंची १५ हा येथे आपला अदमास होता. तो खरा ठरला तो ५२ या पुराव्यामुळे, आणि कोनाचे वाचन बदलले असते तर उंचीही निराळी घ्यावी लागली असती. म्हणून वेग, कोन आणि एक उत्तर यांवरून मूळ आकृती निःसंशय सिद्ध होते, असा दावा कोणी करू नये.

राहिला तो उणे १. ‘काळ उणे असू शकत नाही’ असे म्हणून त्यावर काट मारण्याचा प्रघात आहे; तिसरा गैरसमज तो हाच. दगडाच्या मार्गाची रेषा गच्चीच्या मागे तशीच वाढवीत नेली, तर ती ज्या ठिकाणी जमिनीला भिडते, तेथे दगड सुटण्याच्या एक सेकंद आधी असता, एवढे ते उत्तर सांगते. आणि गच्चीवरून विरुद्ध बाजूस, क्षितिजाच्या खाली ३० अंशांनी, त्याच वेगाने दगड फेकला तर तो हाच वाढविलेला भाग उलट दिशेने चालत एका सेकंदात, १७.३ मीटरवर, जमिनीस पोहोचतो. ज्या उत्तरावर आपण काट मारली, ते दुसऱ्या आकृतीचे खरे उत्तर होते.

शेवटचा समज ४५ अंशांचा. सर्वांत लांब पल्ला ४५ अंशांनीच मिळतो, हे सपाट जमिनीपुरते सत्य आहे. आपल्या १५ मीटरच्या गच्चीवरून ४५ अंशांनी दगड ५१.६ मीटर जातो, म्हणजे ३० अंशांच्या दगडाहून किंचित कमीच. आणि कमाल पल्ला, ५२.९ मीटर, सुमारे ३७ अंशांना मिळतो. मात्र गच्चीवरून कोणत्याही कोनात फेका, जमिनीवर आपटतानाचा वेग २६.५ मीटरच असतो, कारण तो केवळ आरंभीच्या वेगावर आणि उंचीवर अवलंबून असतो. म्हणून त्या वेगावरून हरवलेला कोन कधीच शोधता येणार नाही.

प्रश्न रचणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की, कोन क्षितिजापासून वर आहे की खाली, आणि जमीन किती मीटर खाली आहे, हे आकृतीवर न सोपविता प्रश्नाच्या वाक्यातच लिहावे.