मार्चचं ऊन गव्हाला एक, मक्याला दुसरं

२०२२ च्या फेब्रुवारीत देशात ११.१३ कोटी टन गहू होईल, असा सरकारी अंदाज होता. पुढचा मार्च १९०१ पासूनच्या नोंदींमधला सर्वांत उष्ण मार्च ठरला आणि तेव्हा उत्तरेतल्या पट्ट्यात गव्हाच्या ओंब्यांमध्ये नुकता चीक भरत होता. मे महिन्यात अंदाज १०.६४ कोटी टनांवर आला. त्याच महिन्याच्या १३ तारखेला सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. शेतांना पाणी मिळालं होतं, खत मिळालं होतं, रोगाची मोठी साथ नव्हती. तरी दाणा बारीक राहिला, सुरकुतला.

तेवढ्याच तापमानात मक्याचं पान मात्र जोमात काम करतं. दोन्ही तृणधान्यं गवताच्याच कुळातली. फरक आहे तो हवेतला कार्बन डायऑक्साइड पानात पकडण्याच्या रीतीत.

गव्हाच्या पानात हे काम रुबिस्को नावाचं विकर थेट करतं. ते कार्बन डायऑक्साइडचा रेणू पाच कार्बनच्या एका साखरेला जोडतं आणि त्यातून तीन कार्बनचे दोन रेणू तयार होतात. म्हणून गहू, भात, सातू, ओट या पिकांना सी-थ्री म्हणतात. रुबिस्को अतिशय संथ आहे. एक रेणू सेकंदाला तीनेकच जोडण्या करतो, त्यामुळे गव्हाला ते ढिगाने बनवून ठेवावं लागतं. पानातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांचा जवळपास निम्मा वाटा एकट्या रुबिस्कोचा असू शकतो, आणि शेतात टाकलेल्या नत्राचा मोठा भाग त्यातच अडकतो.

संथपणा एक वेळ चालला असता. खरी अडचण अशी की रुबिस्को कधीकधी कार्बन डायऑक्साइडच्या जागी ऑक्सिजन पकडतं. मग दोन कार्बनचा एक निरुपयोगी पदार्थ तयार होतो. तो साचला तर पानाला घातक, म्हणून तो सोडवण्यासाठी हरितलवक आणि पेशीतले आणखी दोन कप्पे मिळून एक लांबलचक प्रक्रिया चालवतात. तिला प्रकाशश्वसन म्हणतात. तिच्यात ऊर्जा खर्च होते, अमोनिया सुटतो आणि तो पुन्हा बांधावा लागतो, आणि ऑक्सिजनच्या दर दोन चुकांमागे कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू परत हवेत जातो.

उष्णता इथे दोन बाजूंनी मारते. पेशीतलं पाणी तापलं की त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनपेक्षा वेगाने कमी होतो. शिवाय तापलेलं रुबिस्को या दोन वायूंमधली निवड आणखी ढिसाळपणे करतं. साधारण हिशोब मांडून बघू. पान २५ अंशांवर असेल तर रुबिस्कोच्या १०० जोडण्यांपैकी ७५ कार्बन डायऑक्साइडशी होतात आणि २५ ऑक्सिजनशी. त्या २५ चुकांमुळे साडेबारा रेणू सुटून जातात, म्हणजे ७५ च्या कमाईतला सहावा हिस्सा गेला. पान ३५ अंशांवर पोहोचलं की चुका ३६ च्या आसपास जातात, कमाई ६४ वर येते आणि त्यातले १८ रेणू निसटतात. आता पाव हिस्स्याहून जास्त गेला. चुका निस्तरण्याची ऊर्जा यात धरलेलीच नाही.

मक्याने या चुकीला वाटच ठेवलेली नाही. पण हे आधी कळलं ते उसात. हवाईतल्या साखर उत्पादकांच्या संघटनेच्या प्रयोगशाळेत उसाच्या पानाला किरणोत्सारी कार्बन असलेला वायू देऊन तो आधी कुठे उमटतो हे बघितलं जात होतं. तोवरच्या माहितीप्रमाणे तो तीन कार्बनच्या पदार्थात दिसायला हवा होता. काही सेकंदांतच तो दिसला चार कार्बनच्या मॅलिक आणि ॲस्पार्टिक आम्लांत. कॉर्टशाक आणि सहकाऱ्यांनी हे १९६५ मध्ये प्रसिद्ध केलं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला हॅच आणि स्लॅक यांनी पुढच्याच वर्षी त्यामागचा मार्ग मांडायला सुरुवात केली. ऊस, मका, ज्वारी, बाजरी, नाचणी ही सगळी पिकं या सी-फोर गटातली. आपल्या कोरडवाहू भागाची जुनी भाकरीची धान्यं याच गटातली आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मक्याच्या पानाचा पातळ आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की ही रचना डोळ्यांना दिसते. प्रत्येक शिरेभोवती मोठ्या, जाड भिंतीच्या, गर्द हिरव्या पेशींचं कडं असतं आणि त्या कड्याबाहेर फिक्या पेशींचं दुसरं. शिरा इतक्या जवळजवळ असतात की दोन शिरांच्या हिरव्या कड्यांमध्ये बहुतेक ठिकाणी दोनच फिक्या पेशी मावतात. गव्हाच्या कापात शिरा दूर पसरलेल्या दिसतात, मधे कितीतरी पेशी असतात आणि शिरेभोवतीच्या पेशींत हिरवेपणा फारसा नसतो.

ही कामाची वाटणी आहे. बाहेरच्या फिक्या पेशींत रुबिस्को जवळजवळ नसतंच. तिथे पेप कार्बोक्सिलेज नावाचं वेगळं विकर असतं, आणि त्याला ऑक्सिजन पकडताच येत नाही. ते पाण्यात विरघळलेल्या कार्बनला तीन कार्बनच्या पदार्थाशी जोडतं, त्यातून चार कार्बनचं आम्ल होतं, आणि ते पेशींमधल्या सूक्ष्म वाटांनी आतल्या कड्यात जातं. तिथे आम्ल फुटून कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो आणि उरलेला तीन कार्बनचा भाग पुढच्या खेपेसाठी बाहेर परततो. उघड्या अंगणात लावलेल्या धुपाचा धूर पांगतो आणि तोच बंद देवघरात दाटतो, तसा हा वायू जाड भिंतींच्या पेशीत दाटतो. तिथलं त्याचं प्रमाण बाहेरच्या पेशींपेक्षा दहापट वगैरे होतं. मक्याचं सगळं रुबिस्को याच दाट हवेत बसलेलं असतं. ऑक्सिजनला शिरकावच मिळत नाही, त्यामुळे २५ चे ३५ अंश झाले तरी गव्हासारखी गळती लागत नाही.

याचा एक फायदा पाण्यातही होतो. पेप कार्बोक्सिलेज थोडक्या वायूवरही भागवतं, म्हणून मका पर्णरंध्रं अर्धवट मिटून काम करू शकतो. गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात ब्रिग्ज आणि शँट्झ यांनी कुंड्यांमध्ये मोजमाप केलं. एक किलो कोरडं पीक तयार व्हायला गव्हाला ५०० किलोच्या आसपास पाणी लागलं, मक्याला साधारण ३७० किलो.

मात्र हे फुकट मिळत नाही. एक कार्बन बांधायला गव्हाला ऊर्जेचे तीन रेणू लागतात, मक्याला पाच, कारण तीन कार्बनचा भाग प्रत्येक खेपेला पुन्हा तयार करावा लागतो. उन्हाळ्यात गव्हाची गळती याहून महाग पडते आणि मका पुढे जातो. पंधरा अंशांच्या सकाळी गव्हाची गळती किरकोळ असते, तेव्हा मक्याचे ते दोन जादा रेणू वाया जातात. त्यातच ती पुनर्बांधणी करणारं मक्याचं विकर १०-१२ अंशांखाली मोडू लागतं. डिसेंबरच्या कडाक्यात निफाडकडे गहू फुटवे काढत असतो आणि लवकर पेरलेला रब्बी मका पिवळसर होऊन जागेवर थांबलेला असतो, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

तरी २०२२ च्या नुकसानीचा सगळा दोष रुबिस्कोवर टाकणं चूक ठरेल. गव्हाचा दाणा भरण्याचा काळ उष्णतेने आखडतो. या काळातलं सरासरी तापमान एक अंश वाढलं की दाणा भरायचे दिवस साधारण तीनाने कमी होतात. पान लवकर पिवळं पडतं आणि दाण्यात पिठूळ साखर बांधणारं विकरही तापमान वाढलं की मंदावतं. म्हणजे पानाची रोजची कमाई घटली, कमाईचे दिवस घटले आणि आलेला माल साठवणारा हातही आखडला. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेला गहू या उन्हाआधी बराचसा भरून घेतो. ऊस किंवा कपाशी उशिरा निघाली म्हणून डिसेंबरात पेरलेला गहू नेमका मार्चच्या तोंडी सापडतो. नुकसान ओळखणं सोपं आहे. ओंबीत दाण्यांची संख्या पुरी आहे पण दाणा चिमलेला आहे, तर ऊन भरतेवेळी लागलं. दाण्यांच्या जागाच रिकाम्या आहेत, तर ते पोटरीत किंवा फुलोऱ्यात लागलं.

मक्यालाही मर्यादा आहे. ॲरिझोनातल्या फिनिक्स इथे क्राफ्ट्स-ब्रँडनर आणि साल्वुची यांनी २००२ मध्ये दाखवलं, की पानाचं तापमान ३८ अंशांपलीकडे गेलं की मक्याचंही प्रकाशसंश्लेषण घसरतं. पेप कार्बोक्सिलेज तेव्हाही टिकून होतं. कोसळलं ते रुबिस्कोला कामासाठी मोकळं ठेवणारं एक साहाय्यक प्रथिन. रुबिस्कोच्या जागेत साखरेचे रेणू अडकून बसतात, ते काढून टाकणं हे त्याचं काम, आणि ते उष्णतेला फार नाजूक असतं. गव्हात हीच अडचण बरीच आधी सुरू होते. तापमान एकदम न चढवता हळूहळू चढवलं, तेव्हा मक्याचं पान बऱ्याच अंशी सावरलं, हेही त्यांना दिसलं.

पण शेतात मका मरतो तो पानात नव्हे, फुलोऱ्यात. कणसातल्या प्रत्येक होऊ घातलेल्या दाण्याला एक रेशमी केस असतो, आणि वरच्या तुऱ्यातला एक परागकण त्यावर पडून रुजला तरच तो दाणा धरतो. पराग सकाळी झडतो. ३५ अंशांच्या वर कोरड्या वाऱ्यात तो फार थोडा वेळ जगतो. पाण्याचा ताण असेल तर केस उशिरा बाहेर येतात, आणि तोवर तुऱ्यातला पराग झडून गेलेला असतो. सी-फोर मार्ग पानातला आहे, परागकणाला त्याची मदत नाही. म्हणून हिरवंगार, खांद्याइतकं उंच पीक आणि कणसं मात्र दातपडकी, असं उन्हाळी मक्यात बघायला मिळतं. जानेवारीत पेरलेल्या मक्याचा तुरा मार्चमध्ये येतो, फेब्रुवारीअखेर पेरलेल्याचा एप्रिलच्या उत्तरार्धात, आणि त्या दोन फुलोऱ्यांमध्ये चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो.

परागीभवन झालं की नाही हे काढणीपर्यंत थांबून बघायची गरज नाही. केस बाहेर आल्यावर आठवडाभराने चार-पाच कणसं तोडावीत, पात्याने पानांची आवरणं उभी चिरून केस न तोडता हळूच सोलावीत आणि कणीस हलवावं. दाणा धरला असेल त्या जागेचा केस गळून पडतो. धरला नसेल तिथे तो चिकटूनच राहतो. चिकटलेले केस मोजले की किती दाणे गेले याचा अंदाज येतो. पुढे काढणीच्या वेळी टोकाला चिमूटभर, वाळलेले, अर्धवट दाणे दिसले तर दाणा धरला होता आणि नंतर पाणी किंवा अन्न कमी पडलं. मधेमधे साफ मोकळ्या जागा दिसल्या तर पराग पोहोचलाच नाही. पहिल्या प्रकारात पाण्याच्या पाळ्या बदलाव्या लागतात. दुसऱ्यात केस येण्याच्या आठवड्यात पाणी कमी पडलं नव्हतं ना, हे तपासून मग पेरणीची तारीख मागे घ्यावी लागते.