‘अप’ लागलं की ‘देणं’ सुटतं कसं?

‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर. मग ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे कसे? अनेकजण हे कोडे सोडवण्याऐवजी अशा जोड्यांची यादी पाठ करतात, आणि ती पंधरवड्यात विसरतात. खरे तर हा खेळ आपल्या ओळखीचा आहे. ‘हृ’ या एकाच धातूला ‘प्र’ लागला की प्रहार, ‘आ’ लागला की आहार आणि ‘सम्’ लागला की संहार होतो. वैदिक भाषेत तर हे उपसर्ग क्रियापदापासून सुटे, कधी चार शब्द दूरही असत. पुढे ते धातूला चिकटले.

इंग्रजीचा प्रवास उलटा झाला. जुन्या इंग्रजीत ‘सोडून देणे’ याला उपसर्ग जोडलेले एकच क्रियापद होते, ‘ऑफगिएफान’. असे बरेच उपसर्ग काळाच्या ओघात झिजले आणि त्यांचे काम ‘अप’, ‘आउट’, ‘इन’ हे सुटे शब्द करू लागले.

हे शब्द मुळात दिशा सांगतात. भांडे भरताना पाणी वर चढते आणि काठाशी आले की भरणे संपते. म्हणून ‘फिल अप’मधला ‘अप’ वर जाण्याबरोबर पूर्णत्वही सांगतो. ‘ईट अप’मध्ये तर वर काहीच जात नाही, उरते ते फक्त ‘सगळे, संपेपर्यंत’. ‘गिव्ह अप’चा एक जुना अर्थ शत्रूच्या स्वाधीन करणे असा आहे. किल्ला पुरता देऊन टाकला की लढणे थांबते. तिथून अर्थ प्रयत्न सोडण्यापर्यंत आणि पुढे सिगारेट सोडण्यापर्यंत आला. ‘लुक इनटू’ सोपे आहे: नजर वस्तूच्या आत शिरते, म्हणून तपास करणे.

पण या दोन जोड्या वाक्यात सारख्या वागत नाहीत, आणि आपली चूक बहुधा इथेच होते. ‘इट’ घालून पाहा. ‘गिव्ह इट अप’ बरोबर, ‘गिव्ह अप इट’ चूक. उलट ‘लुक इनटू इट’ बरोबर, ‘लुक इट इनटू’ चूक. ‘अप’ इथे क्रियापदाचा जोडीदार आहे, म्हणून ‘इट’ला मध्ये जागा मिळते. ‘इनटू’ मात्र पुढच्या नामाला धरून असतो, आपल्या ‘घरात’मधल्या ‘त’सारखा. फरक कानालाही कळतो: वाक्याच्या शेवटी ‘गिव्ह अप’ आले तर जोर ‘अप’वर पडतो, ‘लुक इनटू इट’मध्ये तो ‘लुक’वर.

दिशेवरून प्रत्येक अर्थ उलगडेलच असे नाही. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे, हे तीन शब्दांतल्या एकाही दिशेवरून सुचणार नाही. ते जसेच्या तसे लक्षात ठेवावे लागते. ‘लुक अप’ला तर दोन्ही बाजू आहेत. शब्दकोशात शब्द शोधायचा असेल तर ‘लुक इट अप’. आणि धुराड्यात खालून वर डोकावायचे असेल तर ‘लुक अप इट’.