वीस तोळ्यांच्या राखणीचा हिशेब

नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईतल्या जुईनगर इथे बँक ऑफ बडोदाच्या शाखेत चोर जमिनीखालून शिरले. जवळचाच एक गाळा भाड्याने घेऊन त्यांनी दुकान थाटले होते आणि तिथून भुयार खणून ते लॉकरच्या खोलीत पोहोचले. तीस लॉकर फोडले गेले. पिढ्यान्‌पिढ्यांचे दागिने गेलेल्या कुटुंबांना तेव्हा कळले, की लॉकरमध्ये काय होते याची बँकेकडे नोंदच नसते. त्याच वर्षी माहितीच्या अधिकारातल्या एका उत्तरात रिझर्व्ह बँक आणि १९ सरकारी बँकांनी अशा नुकसानीची जबाबदारी घेण्यास नकार दिला होता. बँक आणि लॉकरधारक यांचे नाते घरमालक-भाडेकरूचे आहे, अशी बँकांची भूमिका होती.

हे चित्र बदलले ते कोलकात्यातल्या एका खटल्यामुळे. भाडे भरलेले असतानाही बँकेने ग्राहकाचा लॉकर परस्पर उघडला होता. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अमिताभ दासगुप्ता विरुद्ध युनायटेड बँक ऑफ इंडिया या प्रकरणात बँकेला पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि रिझर्व्ह बँकेला सहा महिन्यांत नियम करायला सांगितले. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेले ते नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यांमुळे लॉकरमधली वस्तू गेली, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट. भूकंप, पूर, वीज पडणे अशा नैसर्गिक आपत्तीत मात्र, बँकेचा हलगर्जीपणा नसेल, तर काहीच नाही.

शंभर पट हा आकडा कानाला मोठा वाटतो, पण तो सोन्याशी नव्हे, भाड्याशी बांधलेला आहे. एका कुटुंबाकडे २० तोळे दागिने आहेत असे धरू. तोळा १० ग्रॅमचा आणि त्याचा भाव एक लाख रुपये मानला, तर ऐवज २० लाखांचा होतो. लहान लॉकरचे भाडे वर्षाला दोन हजार असेल, तर १८ टक्के जीएसटी धरून खर्च २,३६० रुपये. भरपाईची कमाल मर्यादा दोन लाख, म्हणजे दोन तोळे. उरलेले अठरा तोळे त्या कुटुंबाच्या स्वतःच्या जोखमीवर आहेत. २०२३ मध्ये तोळ्याचा भाव साठ हजारांच्या आसपास होता, तेव्हा याच दोन लाखांत तीन तोळ्यांहून जास्त सोने बसत होते. भाव चढला, भाडे तेच राहिले, आणि संरक्षण गुपचूप आकसले.

ही दरी बँक स्वतः भरून काढू शकत नाही. लॉकरमधल्या वस्तूंसाठी ग्राहकाला विमा विकण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना मनाई केली आहे. त्यामुळे विमा कंपनीकडून दागिन्यांची स्वतंत्र पॉलिसी घ्यावी लागते आणि त्यात दागिने लॉकरमध्ये असल्याचे नमूद करता येते. समजा, हजारी चार रुपये दर मिळाला, तर २० लाखांचा हप्ता आठ हजार आणि जीएसटीसह ९,४४० रुपये होतो. भाडे मिळवले, की वर्षाचा एकूण खर्च ११,८०० रुपये. लॉकरचा खरा खर्च हा आहे. भाड्याची पावती त्याचा जेमतेम पाचवा भाग दाखवते.

घरी ठेवलेले सोने फुकट राखले जाते असे अनेकांना वाटते. वीस हजारांची तिजोरी दहा वर्षे वापरली, तर वर्षाला दोन हजार पडतात. खरा भार विम्याचा असतो, कारण घराची जोखीम विमा कंपनीच्या नजरेत लॉकरपेक्षा जास्त असते. एक टक्का दर धरला तर २० लाखांवर हप्ता २० हजार, जीएसटीसह २३,६००. तिजोरीसह एकूण २५,६०० रुपये. दर शहर, इमारत आणि कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून निदान दोन-तीन कंपन्यांकडून भाव मागवावा.

हप्त्यापेक्षाही अटी जपून वाचाव्या लागतात. एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित घरविमा पॉलिसी देतात. तिच्यात घरातल्या सर्वसाधारण सामानाला संरक्षण आहे, पण दागिन्यांसाठी वेगळा पर्याय निवडून मूल्य ठरवून घ्यावे लागते. मौल्यवान वस्तूंची एकूण रक्कम पाच लाखांपर्यंत आणि प्रत्येक नग एक लाखाच्या आत असेल, तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. २० तोळ्यांना तो लागणारच. शिवाय नाणी आणि सोन्याच्या लगडी या पॉलिसीत स्पष्ट लिहिल्याशिवाय येत नाहीत. दिवाळीला घेतलेली वळी कपाटात असतील, तर ती दागिन्यांच्या यादीत आपोआप बसत नाहीत.

घरफोडीच्या विम्यात आणखी एक अडसर असतो. दार, कडी किंवा कुलूप जबरदस्तीने तोडल्याची खूण अनेक पॉलिसींत आवश्यक असते. किल्ली वापरून किंवा घरात वावर असलेल्या माणसाने ऐवज नेला, तर दावा अडकू शकतो. घर दीर्घकाळ बंद राहिल्यास संरक्षण थांबवणारी अटही असते. उन्हाळ्याची सुट्टी गावी घालवणाऱ्यांनी ती मुदत आधीच विचारून घ्यावी.

तिसरा मार्ग व्हॉल्टचा. ब्रिटनची बुलियनव्हॉल्ट ही कंपनी लंडन, झुरिक, सिंगापूर यांसारख्या ठिकाणी ग्राहकांचे सोने ठेवते. तिचा राखणीचा दर वर्षाला ०.१२ टक्के आहे आणि विमा त्यातच येतो. २० लाखांवर हा खर्च २,४०० रुपये व्हायला हवा. पण किमान आकार महिन्याला चार डॉलर, म्हणजे वर्षाला ४८ डॉलर आहे. रुपयांत ते चार हजारांच्या वर जातात. ठेव ४० हजार डॉलरच्या खाली असेल, तर जाहीर टक्केवारीपेक्षा प्रत्यक्ष खर्च जास्त असतो. तरीही विम्यासह राखण इतकी स्वस्त पडते, कारण मोठ्या शुद्ध लगडी एका जागी रचलेल्या असतात आणि त्यांची रोज मोजदाद होऊ शकते. आजीच्या पाटल्या तिथे ठेवता येत नाहीत. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना गुंतवणुकीच्या सोन्यासाठी हा मार्ग सोयीचा ठरू शकतो.

भारतात ॲपवरून विकल्या जाणाऱ्या ‘डिजिटल गोल्ड’ची राखणही काही काळ मोफत मिळते, पण खरेदीलाच तीन टक्के जीएसटी जातो. शिवाय हे उत्पादन आपल्या नियमनाखाली नाही, असा इशारा सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला आहे. सेबीच्या चौकटीतले व्हॉल्ट आहेत ते शेअर बाजारातल्या इलेक्ट्रॉनिक गोल्ड रिसीटसाठी. खासगी लॉकर कंपन्यांचा प्रकार आणखी वेगळा. त्यांना रिझर्व्ह बँकेचा शंभर पटीचा नियम लागू नाही, म्हणून तिथे करारात लिहिलेली विम्याची रक्कम हाच आधार.

या आकड्यांवरून दागिने असलेल्या कुटुंबाला सोन्याची विभागणी करता येते. रोजच्या वापरातले दोन-तीन तोळे घरी ठेवून तेवढ्याचाच महाग विमा घ्यावा. बाकीचे लॉकरमध्ये आणि त्यांचा विमा कमी दराने. अशी विभागणी केली आणि घरी तीन तोळे ठेवले, तर वरच्या दरांनी घरच्या दागिन्यांचा हप्ता ३,५४०, लॉकरमधल्या सतरा तोळ्यांचा ८,०२४ आणि भाडे २,३६० रुपये होते. तिजोरी सोडून एकूण १३,९२४. प्रत्येक नगाचे बिल, वजन, फोटो आणि मूल्यांकनाचा दाखला यांची एक प्रत घराबाहेर ठेवावी. दर नूतनीकरणाला त्या दिवसाच्या भावाने विमा रक्कम वाढवून घ्यावी. २०२३ च्या भावाने काढलेली पॉलिसी तशीच चालू असेल, तर एक लाखाच्या भावाने २० तोळ्यांपैकी जेमतेम बाराच तोळ्यांची किंमत तिच्यात उतरते.