स्वस्त कारागीर, महाग शर्ट

समजा, शिलाई कारखान्यात ५०० शर्टांना २५० तास आणि तासाला ८० रुपये, म्हणजे २०,००० रुपये मजुरी धरली होती. मालकाने ६५ रुपयांवर नवखे कारागीर घेतले. कॉलर उसवून पुन्हा शिवण्यात वेळ गेला, तास झाले ३४०, मजुरी २२,१०० रुपये.

दरातली तफावत ३४० तासांवर १५ रुपयांप्रमाणे ५,१०० रुपये, फायद्याची. कार्यक्षमतेची तफावत जादा ९० तासांवर ठरलेल्या ८० रुपयांनी ७,२०० रुपये, तोट्याची. निव्वळ फटका २,१०० रुपये. काम ३०७ तासांत उरकलं असतं तर स्वस्ताई पचली असती. गंमत म्हणजे, बचतीचं श्रेय भरती करणाऱ्याला मिळतं आणि बोलणी सुपरवायझर खातो. वाया गेलेलं कापड तर मजुरीच्या हिशेबात येतच नाही; ते मालाच्या तफावतीत शोधावं लागतं.