रेस गेली तरी चालेल, नळी वाचली पाहिजे

सरळ रस्त्याने जाताना सायकलचं हँडल मधोमध येऊन हलकंच बसतं, थोडं वळवायचं म्हटलं तर एखादी खाच ओलांडल्यासारखं जाणवतं. खात्री करायची असेल तर पुढचं चाक जमिनीवरून उचलून हँडल डावी-उजवीकडे सावकाश फिरवावं. नेमकं सरळ दिशेला येताच ते अडकत असेल, तर हेडसेट संपला असं समजायला हरकत नाही.

हँडलखालच्या आखूड नळीच्या दोन्ही टोकांना जी बेअरिंग बसवलेली असतात, त्यांच्या जोडीला हेडसेट म्हणतात. रस्त्याचे सगळे दणके खालच्या बेअरिंगला बसतात. हँडल बहुतेक वेळ सरळच असतं, त्यामुळे छर्रे त्याच त्या जागी दाबले जातात, तिथलं ग्रीस बाजूला सरतं आणि धातूवर धातू घासून बारीक खळगे पडतात. अशा खळग्यांवर ग्रीस भरून काही उपयोग होत नाही, हेडसेट बदलावाच लागतो. फ्रेममधल्या दोन वाट्या आतून ठोकून निघतात. त्या निघाल्यावर काम झालं असं वाटतं, पण तिसरा भाग अजून फोर्कला, म्हणजे दुकानात ज्याला चिमटा म्हणतात त्याला, घट्ट चिकटलेला असतो. ती पोलादी कडी म्हणजे क्राउन रेस. खालचे छर्रे हिच्यावरच फिरतात.

ही कडी इतकी घट्ट का असते, हे एकदा समजलं की काढताना काय टाळायचं तेही आपोआप कळतं. फोर्कचे दोन पाय जिथे एकत्र येतात त्या खांद्याला क्राउन म्हणतात आणि तिथून वर जाणारी नळी म्हणजे स्टिअरर. नळीच्या अगदी बुडाशी थोडा जाड भाग असतो, तीच रेसची बैठक. आजच्या साध्या हायब्रिड किंवा जुन्या माउंटन बाइकच्या सरळ स्टिअररचा व्यास बहुधा 28.6 मिलिमीटर असतो आणि बैठकीचा 30. रेसचं भोक बैठकीपेक्षा साधारण 0.1 मिलिमीटरने लहान ठेवलेलं असतं, म्हणजे केसाच्या जाडीइतका फरक. एवढ्याच फरकाच्या जोरावर ती दाबून बसवतात आणि वर्षानुवर्षं हलत नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की घट्टपणा फक्त बैठकीपुरता आहे. रेस तेवढे काही मिलिमीटर वर सरकली की पुढे ती सैल पडते आणि नळीवरून हातानेच निघून येते. म्हणजे सगळी लढाई बुडाशी, एका बोटाच्या रुंदीत होते.

आणि तेच बूड फोर्कची सर्वांत नाजूक जागा आहे. ब्रेक दाबला, खड्ड्यात चाक आदळलं, की नळीला वाकवणारा जोर क्राउनच्या लगेच वर सगळ्यात जास्त येतो. तिथे छिन्नीची एक खोल खूण पडली, तर प्रत्येक दणक्याला ताण त्या खुणेच्या टोकाशी एकवटतो. तडा तिथूनच सुरू होतो आणि रोज थोडा थोडा वाढत जातो. रेस नव्या हेडसेटबरोबर नवी मिळतेच. स्टिअरर मात्र फोर्कचा भाग आहे, त्याच्यासकट सगळा फोर्कच बदलावा लागतो. म्हणून या कामाचा हिशेब सरळ आहे. हत्याराचा प्रत्येक घाव रेसने सोसायचा, नळीने नाही. रेस वेडीवाकडी झाली, फुटली, तरी बिघडत नाही.

हत्यार हातात घेण्याआधी रेस पुसून स्वच्छ करावी आणि उजेडात तिच्याभोवती नजर फिरवावी. एका जागी बारीक उभी चीर दिसली, तर ती चिरलेली रेस आहे. तिच्या चिरेत पातळ पेचकस घालून किंचित पिळलं की ती सैल होऊन हाताने उचलली जाते. सीलबंद बेअरिंगच्या नव्या हेडसेटमध्ये अशी रेस सर्रास असते, आणि लोक तिच्यावरही हातोडी चालवतात याचं वाईट वाटतं. दुसरी गोष्टही तपासावी: नवा हेडसेट त्याच मॉडेलचा असेल आणि रेसवर खळगे नसतील, तर ती काढण्याची गरजच नाही.

चीर नसेल तर पाहायचं ते रेसच्या खाली. जुन्या धाटणीच्या पोलादी फोर्कमध्ये क्राउन पुढून-मागून अरुंद असतो आणि रेसची कड त्याच्या बाहेर थोडी डोकावते. काम सोपं होतं. बोथट, सपाट टोकाचा पोगर खालून त्या कडेला टेकवायचा आणि हलक्या हाताने एक टोला पुढून, एक मागून असं ठोकत जायचं. एकाच बाजूने ठोकलं तर रेस कलते, बैठकीत रुतते आणि वर येताना बैठक खरवडते.

खरी कसोटी असते ती क्राउन रेसपेक्षा रुंद असतो तेव्हा. पोगर टेकवायला जागाच नसते. समुद्रकाठच्या गावात काही वर्षं उघड्यावर राहिलेल्या हायब्रिड सायकलचा पोलादी फोर्क समोर आहे असं धरू: स्टिअरर 28.6 मिलिमीटरचा, रेस क्राउनवर सपाट टेकलेली आणि सांध्यात तांबूस गंज. आधी वायर ब्रशने गंज झाडायचा, वरच्या बाजूने रेस आणि बैठकीच्या सांध्यात गंज सोडवणारं तेल सोडायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. फोर्क धरायचा तो पायांकडून, लाकडाच्या दोन तुकड्यांमध्ये. स्टिअररच वाइसमध्ये आवळला तर गोल नळी अंडाकृती होते आणि मग तिच्यावर नवं काही नीट बसत नाही.

आता रेस आणि क्राउनमध्ये पहिली फट पाडायची. त्यासाठी छिन्नी फार जाड पडते. जाड कटरचं पातं बरं. पातं क्राउनवर आडवं ठेवून धार सांध्याला लावायची, पण तिचं तोंड नळीकडे रोखायचं नाही. नळीच्या कडेकडेने जाईल अशा तिरक्या दिशेने ते ठेवून पाठीवर हलके टोले द्यायचे. अशी पाती ठिसूळ असतात, तुटून उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. एका बाजूला सांधा उघडला की लगेच समोरच्या बाजूला तेच करायचं.

पुढे पातळ पाचरी लागतात, आणि त्या किती आत जाऊ द्यायच्या याचं माप आधी काढता येतं. रेसचा बाहेरचा व्यास 40 मिलिमीटर भरला आणि बैठक 30 ची असेल, तर दोन्हीकडे मिळून 10, म्हणजे एका बाजूला रेसची कड 5 मिलिमीटर रुंद आहे. पाचर 5 मिलिमीटर आत गेली की बैठकीला भिडणार. म्हणून टोकापासून 4 मिलिमीटरवर चिकटपट्टीची खूण करायची आणि पट्टी कडेला टेकली की थांबायचं. समोरासमोर दोन पाचरी, आळीपाळीने एकेक टोला. दर काही टोल्यांनी खाली वाकून फट चहूबाजूंनी सारखी आहे का ते बघायचं. एका अंगाला फट मोठी दिसली, तर त्या अंगाचं काम थांबवून दुसरं अंग आधी वर आणायचं.

फट पुरेशी झाली की पुलर लावता येतो. अमेरिकेतल्या पार्क टूल कंपनीचा सीआरपी-2 हा यातला परिचित. त्याची पाती सगळीकडून रेसखाली शिरतात आणि वरचा स्क्रू स्टिअररच्या टोकावर दाब देऊन रेस सरळ वर ओढतो. त्याची खरी किंमत या सरळपणात आहे, जोरात नव्हे. नळीच्या तोंडावर संरक्षक टोपण ठेवायचं आणि स्क्रू अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने फिरवायचा. पहिल्यांदा रेस सुटते तेव्हा मोठा टक् असा आवाज येतो. त्याने दचकायचं कारण नाही. आटे असलेल्या जुन्या स्टिअररवर मात्र वरचा नट नळीच्या तोंडाला समपातळीत चढवून ठेवावा, म्हणजे आटे चेपत नाहीत. हे हत्यार महाग आहे आणि घरी एकदाच लागणार आहे. त्यामुळे ज्या दुकानात ते आहे तिथे फोर्क नेणं हाच शहाणपणाचा मार्ग.

गंजाने पुरती जाम झालेली रेस कापावी लागते. लहान ग्राइंडरच्या पातळ चकतीने तिच्यावर चीर पाडायची, पण आरपार नाही. शेवटचा पातळ थर शिल्लक ठेवायचा आणि चिरेत पेचकस घालून पिळायचं. रेस कडक पोलादाची असते, ती तिथे तडकते आणि पकड सुटते. ही चीर नेहमी डाव्या किंवा उजव्या अंगाला घ्यावी. ब्रेकचा आणि खड्ड्यांचा वाकवणारा ताण नळीच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला सर्वांत जास्त असतो, बाजूंना कमी. चकती चुकून खाली लागलीच, तर नुकसान त्यातल्या त्यात कमी धोक्याच्या जागी होतं.

कार्बनच्या फोर्कला यातलं काहीच लागू नाही. तिथे पाचर नको, हातोडी नको, आच तर मुळीच नको. बहुतेक कार्बन फोर्कवर चिरलेली रेस असते, ती हाताने निघते. निघत नसेल तर थांबून अनुभवी कारागिराकडे जावं. ॲल्युमिनियमचा स्टिअररही रेसच्या पोलादापेक्षा मऊ असतो. कललेली रेस त्याची बैठक सहज खरवडते.

रेस निघाली की बैठक स्वच्छ पुसून व्हर्निअरने दोन-तीन दिशांनी मोजावी. 30 च्या जागी माप लक्षणीय कमी भरलं, तर नवी रेस सैल बसेल आणि ब्रेक दाबताच कुरकुरेल. वर आलेली बारीक कूस मुलायम कानशीने घासून काढावी. मग नळीच्या बुडाभोवती, विशेषतः पुढच्या आणि मागच्या बाजूला, नख सावकाश फिरवावं. नखाला न लागणारा पुसट ओरखडा पोलादावर असेल, तर बारीक पॉलिश कागदाने घासून नवी रेस बसवायला हरकत नाही. पण नख अडकत असेल, किंवा नळी ॲल्युमिनियमची अथवा कार्बनची असून तिच्यावर घाव दिसत असेल, तर जाणकाराला दाखवल्याशिवाय तो फोर्क पुन्हा सायकलला लावू नका.