मरणाआधीच्या क्षणाची वाटणी
(वारसा आणि वाटणी : लेखांक ६)

सहदायाद म्हणजे कोण, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत ज्याला जन्मानेच हक्क मिळतो, तो सहदायाद. आता समजा, असा सहदायाद वारला आणि घरात वाटणी कधी झालीच नव्हती. मग वारसांनी वाटून काय घ्यायचं? त्याचा हिस्सा किती, हेच मुळी ठरलेलं नाही. तो ठरवण्यासाठी हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम ६ एक गोष्ट गृहीत धरायला सांगतं : मृत्यूच्या लगेच आधी घरात वाटणी झाली असती, तर त्याच्या वाट्याला किती आलं असतं? हीच काल्पनिक वाटणी.

नऊ एकर वडिलोपार्जित जमीन घेऊ. वडील १९९८ साली वारले. मागे आई, एक मुलगा आणि १९९० साली लग्न झालेली एक मुलगी. त्या वेळच्या कायद्यात या मुलीला जन्मानं हक्क नव्हता. म्हणून काल्पनिक वाटणी वडील, आई आणि मुलगा यांच्यात व्हायची आणि प्रत्येकाला तीन एकर मिळायचे. आई सहदायाद नाही, तिला स्वतःहून वाटणी मागता येत नाही. पण बाप-लेकांत वाटणी झाली, तर तिला मुलाइतका वाटा द्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. (जुन्या मद्रास प्रांतात ही रीत मागे पडली.) त्यानंतर वडिलांचे तीन एकर तिघा वारसांत जायचे, एकेक एकर. म्हणजे आईला चार, मुलाला चार, मुलीला एक.

या हिशेबात माणसं सर्वात जास्त चुकतात ती आईच्या बाबतीत. पहिल्या पायरीवर तिला विसरतात आणि नवऱ्याच्या हिश्शातला तुकडा तेवढा हातावर ठेवतात. सांगलीच्या मगदूम कुटुंबाचा दावा नेमका याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात गेला. खंडाप्पा १९६० साली वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. सांगलीच्या न्यायालयानं हिराबाईंना चोविसावा हिस्सा दिला. उच्च न्यायालयानं तो सात चोविसांश केला आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं तोच कायम ठेवला. एक चतुर्थांश वाटणीतला, एक चोविसांश वारशाचा. वाटणी झाली असं एकदा गृहीत धरलं, की त्या वाटणीत जे जे घडलं असतं ते सगळं मानावं लागतं, अर्ध्यावर थांबता येत नाही. माझ्या मते विधवेच्या बाजूनं इतकं सरळ तर्कशास्त्र क्वचितच मांडलं गेलं असेल.

९ सप्टेंबर २००५ पासून मुलगीही जन्मानं सहदायाद झाली. म्हणून आज तीच नऊ एकर जमीन पहिल्या पायरीवर चौघांत वाटली जाते : वडील, आई, मुलगा, मुलगी, प्रत्येकी दोन एकर दहा गुंठे. वडिलांच्या वाट्याचे नव्वद गुंठे तिघांत गेले की प्रत्येकाला तीस गुंठे. सगळ्यांची बेरीज सारखी, तीन-तीन एकर.

सरळ तीनानं भागलं असतं तरी उत्तर हेच आलं असतं, मग हा द्राविडी प्राणायाम कशाला? वडिलांनी मृत्युपत्र करून ठेवलं असेल, तर त्याचं उत्तर मिळतं. ‘सारी जमीन मुलाला’ असं त्यात लिहिलं असलं, तरी ते लागू होतं फक्त वडिलांच्या दोन एकर दहा गुंठ्यांना. मुलाला साडेचार एकर मिळतात, पण आई आणि मुलगी यांचे दोन एकर दहा गुंठे कुणाला काढून घेता येत नाहीत. अर्थात जमीन वडिलांची स्वकष्टार्जित असेल, तर काल्पनिक वाटणीचा प्रश्नच येत नाही. तिथे मृत्युपत्र पूर्ण चालतं आणि ते नसलं तर वारसांत थेट वाटप.

राहिला प्रश्न १९९८ सालच्या त्या मुलीचा. एका एकरावरच तिची बोळवण झाली का? नाही. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. काल्पनिक वाटणी हे हिस्सा मोजायचं साधन आहे, तिनं घर खरोखर विभक्त होत नाही. जमीन तशीच एकत्र राहिली असेल, तर तिचे तीन एकर होतात. दाव्यात एका एकराचा प्राथमिक हुकूमनामा झाला असला, तरी अंतिम हुकूमनाम्याआधी तो बदलून घेता येतो. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्तानं किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्यानं वाटणी झाली असेल, किंवा जमीन विकली गेली असेल, तर ते उकरता येत नाही. ‘आमची तोंडी वाटणी झाली होती’ एवढं भावानं म्हणून भागत नाही, त्याला सबळ सरकारी कागदाचा आधार लागतो.

सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, एवढ्यानं तिचा हक्क जात नाही. फेरफार महसुलासाठी असतो, त्यानं मालकी ठरत नाही. पण वारस नोंदीच्या वेळी तिच्यापुढे सहीसाठी येणारा कागद हक्कसोडपत्राचा असू शकतो. तो नोंदवला गेला, की हे तीन एकर खरोखरच जातात. म्हणून सही करण्याआधी त्या कागदाचं शीर्षक वाचावं आणि आपल्या हिश्शाचे गुंठे स्वतः मोजून पाहावेत.