अडकलेल्या सुळ्याची चिठ्ठी

‘वरचा डावा सुळा आलेला नाही, कृपया पाहावे.’ दातांच्या डॉक्टरांनी सर्जनकडे दिलेल्या कित्येक चिठ्ठ्या इथेच संपतात. पण सर्जनने त्या सुळ्याचं करायचं काय? तो काढून टाकायचा, की नुसता मोकळा करून द्यायचा?

समजा, मुलगी 14 वर्षांची आहे. उजवा सुळा कधीच आला. डावीकडे मात्र दुधाचा सुळा अजून घट्ट आहे. वरचे सुळे साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी येतात आणि दहाव्या वर्षाच्या आसपास ओठाच्या बाजूने हिरडीवर बोट फिरवलं की त्यांचा उंचवटा लागतो. इथे तो लागत नाही, उलट टाळूवर किंचित फुगवटा आहे. दुखत काहीच नाही, म्हणून घरच्यांनीही वाट पाहिली.

डॉक्टर त्याच जागेचे दोन छोटे एक्स-रे काढतात, दुसऱ्या वेळी यंत्राची नळी थोडी बाजूला सरकवून. नळी ज्या दिशेला गेली, त्याच दिशेला सुळाही शेजारच्या दाताच्या तुलनेत सरकलेला दिसला, तर तो टाळूच्या बाजूला आहे. उलटा सरकला, तर ओठाच्या बाजूला. चिठ्ठीत ही बाजू हवीच, कारण हिरडी कुठून उघडायची ते त्यावर ठरतं. एक्स-रेही सोबत जोडायचे, नाहीतर मुलीला ते पुन्हा काढावे लागतात.

खरी चिंता शेजारच्या दाताची. वाट चुकलेला सुळा त्याच्या मुळाशी टेकला, तर मूळ झिजू लागतं, तेही बहुतेकदा न दुखता. एक्स-रेत मुळाची कड अस्पष्ट दिसली किंवा दात हलत असला, तर चिठ्ठीत तसं लिहून थ्रीडी स्कॅन सुचवायचा.

दुधाचा सुळा वेळेत काढला, तर पक्का सुळा पुष्कळदा आपणहून वाटेवर येतो. एरिक्सन आणि कुरोल यांनी 1988 साली 10 ते 13 वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास मांडला. टाळूकडे वळलेल्या सुळ्यांपैकी 78 टक्के असे सरळ झाले होते. चौदाव्या वर्षी एवढी आशा धरता येत नाही.

म्हणून तारा लावणाऱ्या तज्ज्ञांशी आधी बोलून डॉक्टर नेमकी विनंती लिहितात: ‘डावा वरचा पक्का सुळा (23) टाळूच्या बाजूला. काढू नये. उघडा करून त्यावर साखळी चिकटवावी. दुधाचा सुळा त्याच वेळी काढावा. मुलीला दमा आहे, पंप वापरते. औषधांची ॲलर्जी नाही. तारा बसवल्या आहेत, जागा तयार आहे.’

साखळी लागली की तारेने सुळा हळूहळू ओढत आणतात. त्याला बरेच महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. कधी सुळा हाडाला जखडलेला निघतो आणि हलतच नाही. तेव्हा ओढल्याने शेजारचेच दात सरकू लागतात. तसं दिसलं, तर ओढणं थांबवून मुलीला पुन्हा सर्जनकडे पाठवतात, आणि या वेळची चिठ्ठी बहुधा सुळा काढण्याची असते.